एक किराणा दुकान आणि नीतिशास्त्राच्या वीस संज्ञा

आठ-नऊ वर्षांची मुलगी किराणा दुकानात येते. आईने किलोभर तूरडाळ आणायला सांगितली आहे, मुठीत पाचशेची नोट आहे आणि भाव तिला ठाऊक नाही. दुकानदाराचा रोजचा भाव १६० रुपये. १८० लावले तरी तिला कळणार नाही. तो १६०च घेतो आणि उरलेले ३४० रुपये मोजून तिच्या हातात ठेवतो.

डाळ आणि भाव आपल्याकडचे असले तरी हा दुकानदार जुना आहे. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७८५ साली आपल्या पुस्तकात अननुभवी गिऱ्हाइकाला न फसवणारा दुकानदार उदाहरण म्हणून घेतला होता. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाचे किंवा स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी व्याख्या पाठ करतात आणि उदाहरण मागितले की अडतात. म्हणून वीस संज्ञा आपण याच दुकानात शोधू.

‘दुकानदाराने १६० रुपये घेतले’ हे झाले वस्तुविधान. पावती बघून ते खरे की खोटे ठरवता येते. ‘त्याने योग्य केले’ हे मूल्यविधान. ते पावतीवरून ठरत नाही, कारण द्यावे लागते. ‘सगळेच दुकानदार थोडे जास्त लावतात, म्हणजे त्यात गैर काही नाही’ असे म्हणणारा पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. ही उडी डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवून दिली होती. योग्य-अयोग्याची अशी कारणे तपासणारी विद्या ती नीतिशास्त्र, आणि प्रामाणिकपणासारखी जी गोष्ट आपण जपण्याजोगी मानतो ती मूल्य.

आता कांटचा खरा प्रश्न. दुकानदार प्रामाणिक का वागला? ‘पोरीला फसवले तर आई भांडायला येईल, गिऱ्हाईक तुटेल’ असा त्याचा हिशेब असेल तर कृती बरोबर आहे, पण तिला नैतिक मोल नाही, असे कांट म्हणतो. कृतीमागचे हे ‘का’ म्हणजे हेतू. फसवू नये हे आपल्यावर बंधनच आहे, मग फायदा होवो वा तोटा, ही जाणीव म्हणजे कर्तव्य. ‘गिऱ्हाईक टिकवायचे असेल तर फसवू नकोस’ हा सापेक्ष आदेश: गिऱ्हाईक टिकवायची गरज संपली, उदाहरणार्थ दुकान उद्या बंदच होणार असले, की त्याचा जोर संपतो. ‘फसवू नकोस’ एवढाच, अट न घालणारा, तो निरपेक्ष आदेश. त्याची कसोटी अशी: आपण ज्या नियमाने वागतो तो सगळ्यांचा नियम झालेला आपल्याला चालेल का? प्रत्येक दुकानदार अजाण गिऱ्हाइकाला फसवू लागला तर कोणी मुलांना दुकानात धाडणारच नाही आणि फसवायलाही कोणी उरणार नाही. तो नियम स्वतःलाच मोडून टाकतो.

याला विरोध करणारे म्हणतील, मनातले कशाला उकरता, झाले काय ते बघा. कृतीची किंमत तिच्या फळावरून ठरवणे हा परिणामवाद. त्यातही संबंधित सर्वांचे सुखदुःख, प्रत्येकाचे सारखेच वजन धरून, मोजा असे सांगणारा तो उपयुक्ततावाद. बेंथम आणि मिल ही त्यातली मोठी नावे. वीस रुपये दुकानदाराला किरकोळ आणि मजुरी करणाऱ्या त्या आईला मोठे, म्हणून न फसवणेच बरे, असे तो सांगेल. इथवर कांटशी त्याचे पटले. पण मुलगी श्रीमंत घरातली असती, वीस रुपये कुणाला जाणवलेच नसते आणि ते दुकानातल्या गरीब नोकराला मिळणार असते तर? साधा उपयुक्ततावाद इथे डगमगतो. तसे फसवणे नेहमीचे झाले तर बाजारावरचा विश्वास उडेल, असे उत्तर त्याच्याकडे आहे. पण ते ‘उघडकीस आले तर’ या शब्दांवर उभे आहे, आणि ती मला त्याची खरी दुबळी बाजू वाटते.

ॲरिस्टॉटल मात्र एका कृतीवर थांबत नाही. तो विचारेल, हा दुकानदार माणूस कसा आहे? सवयीने अंगी मुरलेला चांगुलपणा म्हणजे सद्गुण. तो बहुधा दोन टोकांच्या मध्ये असतो, त्याला सुवर्णमध्य म्हणतात. कुणालाच उधार न देणारा कंजूष आणि सगळ्यांना देऊन दुकान बुडवणारा उधळ्या यांच्यामध्ये औदार्य असते. पण मध्य म्हणजे निम्मे नव्हे. वीसऐवजी दहाच रुपयांनी फसवणे हा काही सुवर्णमध्य नाही.

विद्यार्थी सर्वांत जास्त गोंधळतात ते रूढी आणि नीती यांत. एके काळी आपल्या गावांत अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे दुकानदार हातात घेत नसे, लांब ठेवायला लावी. ‘त्या काळी तेच योग्य होते’ असे म्हणणे हा सापेक्षतावाद: योग्य म्हणजे ज्या त्या समाजाला योग्य वाटते ते. ऐकायला हा विचार सहिष्णू वाटतो. पण मग रूढीविरुद्ध उभा राहणारा प्रत्येक सुधारक त्या क्षणी चुकलेलाच ठरेल. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला होता, तरी महाडचे चवदार तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर अनुयायांसह तिथे पाणी प्यायले ते हक्क म्हणून. दया आली तर मिळते ती भीक. नाकारले तर समोरचा अपराधी ठरतो तो हक्क. आणि ज्याचे त्याला देणे, सारख्यांना सारखे वागवणे, हा न्याय. जॉन रॉल्सने १९७१ साली त्याची एक कसोटी सुचवली: आपण कोणत्या घरात जन्मणार हे ठाऊक नसताना जे नियम निवडू तेच न्याय्य.

बाकीच्या संज्ञा भराभर. मुदत उलटलेले बिस्किट ‘स्वस्तात देतो’ म्हणून तारीख न सांगता विकले, तर गिऱ्हाइकाच्या होकाराला संमती म्हणता येत नाही, कारण माहितीच लपवली. स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक ही स्वायत्तता, आणि या लपवाछपवीने तीच हिरावली. काटे तपासणारा निरीक्षक दुकानदाराचा मेहुणा असला, तर त्याने काही गैर केले नसले तरी तो हितसंघर्ष आहे. नोकराने कमी तोलले तरी जाब मालकाला द्यावा लागतो, हे उत्तरदायित्व.

राहिला नैतिक पेच. जास्तीची आलेली नोट परत करू की नको, हा पेच नव्हे, मोह आहे. योग्य काय ते तिथे स्पष्टच असते. पेच असा: एक बाई मुलाच्या औषधांवर पैसे गेल्याने किराणा उधारीवर नेते आणि नवऱ्याला सांगू नका म्हणते. दुकानदार शब्द देतो. महिन्याने नवरा येऊन विचारतो, “आमच्या नावावर काही बाकी आहे का?” दिलेला शब्द पाळणे हे कर्तव्य, खोटे न बोलणे हेही कर्तव्य, आणि घरावरचे देणे जाणण्याचा हक्क नवऱ्यालाही आहे. काहीही केले तरी काहीतरी खरोखरीचे मोडते.

माझ्या मते दुकानदाराने ‘बाकी नाही’ असे खोटे सांगू नये, वहीही उघडू नये. ‘हे घरीच विचारा’ म्हणावे आणि बाईला त्याच दिवशी कळवावे. यात शब्दाला थोडा तडा जातो, कारण नवऱ्याला संशय येणारच. पण बाईला स्वतः सांगायची संधी राहते. तुमचे मत वेगळे असेल तर ते वरच्यांपैकी कोणत्या संज्ञेवर उभे आहे, ते चार ओळींत लिहून पाहा.