‘माझ्याविषयी’च्या आठ-नऊ ओळी

‘मी एक गृहिणी आहे. मला घरबसल्या काम हवं आहे. मी मेहनती आणि प्रामाणिक असून कोणतंही टायपिंगचं काम वेळेत करून देईन.’ फ्रीलान्सिंगच्या वेबसाइटवर नवं खातं उघडलं की ‘माझ्याविषयी’ असा एक रिकामा चौकोन समोर येतो. मराठी टायपिंग आणि ट्रान्स्क्रिप्शन करू इच्छिणाऱ्या पुष्कळ बायका त्यात साधारण हेच लिहितात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण काम देणाऱ्याला जे हवं असतं, त्यातलं काहीच इथे सापडत नाही.

हा काम देणारा कोण असतो ते आधी पाहू. गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखती कागदावर आणायच्या आहेत, असा पीएच.डी.चा विद्यार्थी असतो. वडिलांच्या वह्या टाइप करून पुस्तक काढायचं ठरवलेला मुलगा असतो. संस्थेच्या वार्षिक सभेचं दोन तासांचं रेकॉर्डिंग घेऊन बसलेला सचिवही असतो. प्रत्येकाचे प्रश्न ठरलेले असतात. माझी फाइल कशी लागेल, काम कोणत्या फॉन्टमध्ये मिळेल, किती दिवसांत मिळेल, बोलणाऱ्याची भाषा हिला कळेल का, आणि माझी माणसं खासगीत जे बोलली ते बाहेर तर जाणार नाही? यांची उत्तरं आठ-दहा ओळींत बसतात.

उदाहरणासाठी मिरजेतली एक गृहिणी डोळ्यांसमोर धरू. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं. लग्नाआधी तिने शासकीय टंकलेखनाची मराठी 40 शब्द प्रतिमिनिट ही परीक्षा दिली होती. घरात एक संगणक आहे आणि सकाळची कामं उरकल्यावर दिवसाला चारेक तास सलग मिळतात. बाहेरचं काम तिने पैसे घेऊन कधी केलेलं नाही. घरातल्यांचे प्रकल्प आणि सोसायटीची इतिवृत्तं मात्र टाइप करून दिली आहेत. एवढ्या भांडवलावर ती काय लिहू शकते?

पहिला मुद्दा वेगाचा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी टंकलेखनाच्या परीक्षा 30 आणि 40 शब्द प्रतिमिनिट अशा असतात, आणि मराठी वाचकाला या आकड्यांचा अर्थ लगेच कळतो. त्यामुळे प्रमाणपत्र असेल तर ते लिहावंच. पण हा वेग समोर ठेवलेला छापील मजकूर पाहून टाइप करण्याचा आहे. कानाने ऐकून टाइप करणं निराळं काम आहे, आणि नवख्या बाईची गफलत इथेच होते. तासाभराची फाइल तासा-दोन तासांत होईल असं समजून ती मुदत देऊन बसते.

हिशोब करून पाहू. माणूस शांतपणे बोलला तरी मिनिटाला शंभरेक शब्द सहज होतात, म्हणजे तासाभरात सहा हजार. 40 च्या वेगाने ते नुसते टाइप करायलाच अडीच तास लागतात. त्यात दर दोन-तीन वाक्यांनी थांबणं, मागे जाऊन पुन्हा ऐकणं आणि कोण बोललं ते लिहिणं आलं. शेवटी सगळी फाइल एकदा रेकॉर्डिंगसोबत वाचून तपासायची. आवाज स्वच्छ असेल आणि एक-दोनच माणसं बोलत असतील, तरी तासाच्या फाइलला पाच-सहा तास धरावे लागतात. मागे पंखा घरघरत असेल, चौघे एकमेकांचं बोलणं तोडत असतील, तर आणखी जास्त. दिवसाला चार तास मिळणाऱ्या मिरजेच्या बाईने म्हणून ‘24 तासांत काम’ लिहू नये. ‘स्वच्छ आवाजातली एक तासाची फाइल दोन दिवसांत’ हे तिला पाळता येईल, आणि वाचणाऱ्यालाही तिला कामाचा अंदाज आहे हे त्यातून दिसेल.

दुसरा मुद्दा फॉन्टचा. मराठी टायपिंगमधली निम्मी भांडणं यावरूनच होतात. आज मोबाइलवर, ईमेलमध्ये आणि वेबसाइटवर जी मराठी दिसते ती युनिकोडमधली. त्या फाइलचा फॉन्ट बदलला तरी अक्षरं मराठीच राहतात. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मात्र संगणक आतून रोमन अक्षरंच साठवतो आणि त्यांना फक्त मराठी आकार देतो. ती फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ समोर येते. अनेक प्रकाशक आणि छापखाने आजही श्रीलिपीत काम मागतात, तर संशोधक आणि संस्था युनिकोड मागतात. एकातून दुसऱ्यात बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यांत जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं बिघडतात, आणि पुन्हा सगळं प्रूफ वाचायची वेळ येते. त्यामुळे ‘मराठी टायपिंग येतं’ हे वाक्य अर्धंच आहे. कशात येतं ते लिहायला हवं, आणि जे येत नाही तेही.

पद्धत कोणती वापरता, इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन की रोमनमधून उमटणारी, याच्याशी ग्राहकाला देणंघेणं नसतं. त्याला अचूकपणा हवा असतो आणि तो नमुन्यात दिसतो. ‘दऱ्याखोऱ्यांत’ हा शब्द घ्या. घाईने टाइप करणारा ‘दर्याखोर्यांत’ करून टाकतो आणि डोंगरातली दरी थेट समुद्राला मिळते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह J दाबला की ऱ मिळतो, मग d ने पाय मोडायचा आणि / ने य आणायचा. हे बोटांना माहीत आहे की नाही, ते नमुन्याच्या पहिल्याच पानावर जाणकाराला कळतं.

तिसरा मुद्दा बोलीचा, आणि माझ्या मते गृहिणीच्या हातातलं सगळ्यांत मोलाचं नाणं हेच आहे. बहुतेक जणी ते लिहीतच नाहीत. गडहिंग्लजला वाढलेल्या बाईला कानडी वळणाची मराठी लहानपणापासून कानावर असते. मुलाखतीतली म्हातारी काय म्हणाली हे पुण्यातल्या टायपिस्टला तीनदा ऐकून कळणार नाही, ते तिला एका फटक्यात कळतं. हीच गोष्ट वऱ्हाडात, खानदेशात किंवा मालवणात वाढलेल्या बाईची. शेतीची अवजारं, नात्यांची नावं, सणावारातले पदार्थ, लग्नातले विधी हे शब्द ज्याच्या कानाला ओळखीचे नाहीत त्याच्याकडून ते चुकीचेच उतरतात. म्हणून आपला भाग आणि आपली बोली नाव घेऊन लिहावी.

बोली कळणं आणि ती उतरवणं या मात्र दोन गोष्टी आहेत. रेकॉर्डिंगमध्ये बाई म्हणते: ‘म्हंजी... अं... आमी तवा, आमी तवा तिकडंच ऱ्हायचो.’ हे असंच अडखळण्यासकट उतरवायचं, ही एक पद्धत. अडखळणं आणि पुनरुक्ती काढून ‘आमी तवा तिकडंच ऱ्हायचो’ एवढं ठेवायचं, ही दुसरी. ‘आम्ही तेव्हा तिकडेच राहायचो’ अशी प्रमाण मराठी करायची, ही तिसरी. भाषेच्या अभ्यासकाला पहिली लागते, वृत्तपत्राच्या पुरवणीला दुसरी किंवा तिसरी. न विचारता तिसरी केली तर अभ्यासकाचं सगळं काम वाया जातं, कारण मूळ शब्द पानावरून पुसलेला असतो. ‘हे कामाआधी विचारून घेते’ हे एक वाक्य ‘माझ्याविषयी’त असलं, तर ज्याने अशी फाइल परत घेण्याचा त्रास भोगला आहे तो तिथेच थांबतो.

जो शब्द कळलाच नाही त्याचंही असंच. अंदाजाने काहीतरी भरून टाकणं हा या कामातला मोठा दोष, कारण वाचताना तो दिसतच नाही. त्याऐवजी [अस्पष्ट 00:14:32] अशी खूण आणि वेळ टाकली की ग्राहक नेमक्या जागी जाऊन ऐकू शकतो. ‘100 टक्के अचूक’ या दाव्यापेक्षा ही सवय सांगितलेली बरी.

आता तिचा मजकूर असा होतो:

‘मराठी मुलाखती, भाषणं आणि बैठकांच्या रेकॉर्डिंगचं ट्रान्स्क्रिप्शन करते, हस्तलिखितांचं मराठी टायपिंगही करते. काम युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये देते. श्रीलिपीतलं काम घेत नाही. शासकीय टंकलेखन परीक्षा, मराठी 40, उत्तीर्ण. सांगली-कोल्हापूरकडची बोली आणि सीमाभागातली कानडी वळणाची मराठी नीट कळते. बोली तशीच ठेवायची की प्रमाण करायची, हे कामाआधी विचारून घेते. न कळलेला शब्द अंदाजाने भरत नाही, वेळेसह खूण करते. स्वच्छ आवाजातली एक तासाची फाइल दोन दिवसांत मिळते. काम पोचलं की तुमचं रेकॉर्डिंग माझ्या संगणकावरून काढून टाकते. दोन मिनिटांचा नमुना सोबत आहे.’

यात ‘गृहिणी’ हा शब्द नाही. तो लपवायचं कारण नाही. हवा तर शेवटी ‘दुपारी 12 ते 4 या वेळेत काम करते’ या वाक्यासोबत तो येऊ शकतो. पण पहिली जागा त्याची नाही. बऱ्याच ठिकाणी यादीत पहिल्या दोन ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर क्लिक केल्यावर उघडतो. त्या दोन ओळींत काम आणि भाषा आलीच पाहिजे. अक्षरमर्यादा असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: संगणक काना-मात्राही वेगळी मोजतो. ‘मराठी’ आपल्याला तीन अक्षरी दिसत असलं तरी मोजणीत ते पाच भरतं. कागदावर बसलेला मजकूर म्हणूनच चौकोनात मावत नाही.

रेकॉर्डिंग काढून टाकण्याचं वचन लिहिण्याआधी ते पाळण्याची सोय हवी. घरातला संगणक मुलंही वापरत असतील तर आपलं वेगळं खातं आणि पासवर्ड करून घ्यावा, नाहीतर कुणाच्या तरी आजारपणाची किंवा घरच्या भांडणाची मुलाखत डाउनलोडच्या फोल्डरमध्ये सगळ्यांना उघडी राहते. काढून टाकल्यावर रिसायकल बिनही रिकामी करावी लागते.

नमुन्यासाठी कुणाच्या कामाची फाइल वापरू नये. सासूबाईंना किंवा शेजारच्या काकूंना विचारून त्यांच्याकडून एखादी रेसिपी किंवा जुनी आठवण दोन मिनिटं रेकॉर्ड करून घ्यावी आणि ती उतरवावी. रेकॉर्डिंग आणि उतारा दोन्ही जोडले, तर बघणारा स्वतः पडताळून पाहू शकतो. पहिलं काम मिळेपर्यंत अनुभवाच्या जागी हाच पुरावा असतो.

‘कोणतंही काम करेन’ हे वाक्य काढून टाकायचं आणखी एक कारण आहे. घरबसल्या टायपिंगच्या नावाखाली आधी नोंदणी फी किंवा अनामत मागणारे, पुढे ‘कामात चुका निघाल्या’ म्हणून दंडाची नोटीस धाडून घाबरवणारे लोक अशा गरजू मजकुराच्याच शोधात असतात. ज्या बाईने काम, फॉन्ट, मुदत आणि नकार स्पष्ट लिहिलेत तिच्याशी खरा ग्राहक पहिल्याच निरोपात फाइलबद्दल बोलतो: किती मिनिटांची आहे, किती जण बोलतात, आवाज कसा आहे. पहिला निरोप पैसे भरण्याचा असेल तर तिथेच उत्तर थांबवावं. फोन नंबर, घरचा पत्ता आणि बँकेचा तपशील ‘माझ्याविषयी’त लिहायचा नाहीच, बहुतेक वेबसाइट संपर्काचा तपशील तिथे टाकूही देत नाहीत.

मजकूर एकदा लिहून सोडून द्यायचा नसतो. दोन-तीन कामं झाली की स्वतःची खरी वेळ कळते. तासाच्या फाइलला सहाऐवजी आठ तास लागतात असं दिसलं, तर ‘दोन दिवस’चे ‘तीन दिवस’ करावेत. सभेच्या रेकॉर्डिंगमध्ये पाच-सहा आवाज ओळखणं जमत नाही असं कळलं, तर ‘दोन-तीन जणांपर्यंतच्या मुलाखती’ असं लिहावं. परीक्षेच्या ओळीची जागा मग ‘आतापर्यंत शेतकरी महिलांच्या मुलाखती उतरवल्या आहेत’ अशा केलेल्या कामाच्या ओळीने घ्यावी. ग्राहकाचं नाव मात्र त्याच्या परवानगीशिवाय त्यात येऊ नये.