दीड गुंठ्यात घर किती बसतं?

आपल्या सीमाभागात जागेचा विषय निघाला की मापांचा गोंधळ ठरलेला. पलीकडे चंदगडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर, इकडच्या पहाणीवर एकर, गुंठे, आणे. नकाशा चौरस मीटरमध्ये, आणि गवंडी चौरस फुटांत बोलणार. घरात कुणी त्याला ‘चदर अडी’ म्हणेल, एवढंच.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. चौरस मीटरमध्ये १०१.१७. आर मात्र बरोबर १०० चौरस मीटरचा. बोलताना लोक आरालाच गुंठा म्हणतात. एका गुंठ्यात फरक जेमतेम साडेबारा चौरस फुटांचा, पण शेतजमिनीत तो वाढत जातो. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६४ ने गुणायचं. पुष्कळ जण ३.२८ ने गुणतात. तो आकडा लांबीसाठी आहे, क्षेत्रासाठी नव्हे.

माझ्या मावसभावाला नुकतीच एक जागा ‘दीड गुंठा’ म्हणून दाखवली. स्केचवर पुढची बाजू ९ मीटर, मागची १२, डावी बाजू दोन्हींना काटकोनात १४ मीटर आणि उजवी तिरकी. पुढची-मागची सरासरी साडेदहा. तिला चौदाने गुणलं की १४७ चौरस मीटर, म्हणजे १५८२ चौरस फूट. दीड गुंठ्याचे होतात १६३३. एक्कावन्न चौरस फूट कमी! न्हाणी आणि संडास एवढ्यात बसतात, आणि भाव तर गुंठ्यावर सांगितलेला. इथे खोली म्हणून तिरकी बाजू धरायची नाही, ती १४.३२ मीटर भरते. काटकोन खरा आहे का, हे जागेवर पाहावं: कोपऱ्यापासून एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर खुणा करा, त्या दोन खुणांमधलं अंतर ५ मीटर आलं पाहिजे.

आता घर. सोडायची जागा गावागावात आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे बदलते, ती पालिकेत विचारूनच धरावी. हिशेबापुरती पुढे २ मीटर, मागे दीड, दोन्ही बाजूंना एकेक मीटर धरू. खोली उरली साडेदहा मीटर. रुंदी मात्र मागच्या बारा मीटरवरून धरू नका. घर जिथे सुरू होतं, तिथे जागा ९.४ मीटर रुंद. बाजूंचे दोन मीटर वजा केले की ७.४. सरळ चौकोनी घर बांधायचं तर ७.४ गुणिले १०.५, म्हणजे सुमारे ७८ चौरस मीटर, ८३६ चौरस फूट. भिंतींची जाडीही त्यातच आली. तिरक्या बाजूला समांतर भिंत घेतली तर सुमारे सव्वाशे फूट आणखी मिळतील, पण त्या खोलीत कपाट कुठे लावणार?

एफएआरचा आकडा याहून वेगळा. तो सगळ्या मजल्यांच्या बेरजेला लागतो. तळमजल्याचा आकार या सोडलेल्या जागेवरूनच ठरतो. रस्तारुंदीत पट्टी जाणार असेल, तर पुढचे दोन मीटर नव्या हद्दीपासून मोजावे लागतील.