संगणकातले ‘पान’ केवढे असावे?

संगणक प्रत्येक प्रोग्रामची मेमरी सारख्या आकाराच्या पानांत विभागतो आणि कोणते पान कुठे आहे याचा तक्ता ठेवतो. प्रोग्राम पानांच्या मापात नेमका बसत नाही, म्हणून शेवटचे पान सरासरीने अर्धे रिकामे राहते. दहाच्या पट्टीतल्या सातच गोळ्या लागाव्यात, तसे. पाने लहान केली की ही नासाडी घटते. पण तक्ता फुगतो, आणि तोही मेमरीच खातो.

१ एमबीचा प्रोग्राम आणि तक्त्यातली एक नोंद ८ बाइटची घेऊ. पान १ केबीचे असेल तर तक्ता ८१९२ बाइट, नासाडी ५१२. पान १६ केबीचे केले तर आकडे नेमके उलटे होतात. ४ केबीला दोन्ही २०४८. बेरीज निम्म्याहून कमी!

या दोन आकड्यांचा गुणाकार कायम राहतो, म्हणून ते समान होतात तिथे बेरीज सर्वांत कमी. त्यातूनच सूत्र निघते:

p = √(2se)

p म्हणजे पान, s प्रोग्राम, e एक नोंद. वर्गमुळामुळे प्रोग्राम चौसष्टपट झाला तरी पान आठपटच, ३२ केबी. मात्र डिस्कवरून पान आणायला लागणारा वेळ हे सूत्र मोजत नाही.