अर्ध्या तासाच्या पाहणीत काय पाहायचं?

वाघोली, चाकण किंवा बदलापूरकडे प्लॉट घेऊन ठेवलेल्यांना एखाद्या आर्किटेक्टचा ईमेल येतो: 'तुमच्या प्लॉटची छोटी पाहणी करून देतो, घर बांधायचं की नाही ते नंतर ठरवा.' आर्किटेक्टांच्या व्यावसायिक वर्तनाचे १९८९चे नियम जाहिरातबाजीला मज्जाव करतात, त्यामुळे 'स्वप्नातलं घर' आणि सवलतींनी भरलेली मेल मी तरी तिथेच मिटवतो. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि झोन दाखला आधी पाठवा, असं लिहिणारा माणूस मात्र कामाचा असतो. त्याचा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा.

पाहणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे समोरचा रस्ता. समजा, प्लॉट ३० बाय ५० फुटांचा आहे आणि रस्ता आज २० फुटांचा. विकास आराखड्यात तोच रस्ता ३० फुटांचा दाखवलेला असेल, तर रुंदीकरण साधारणपणे मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखं धरतात. म्हणजे आपले पाच फूट गेले. उरली ४५ फूट खोली. त्यातून पुढे दहा, मागे पाच आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळे सोडायचे आहेत असं धरलं, तर तळमजल्याला २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट जागा मिळते. रुंदीकरण नसतं, तर ७०० मिळाली असती. सामासिक अंतरं प्लॉटचा आकार, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची पाहून बदलतात. हिशेबाची रीत तीच. सोडलेल्या जागेचा मोबदला एफएसआयच्या रूपात मिळू शकतो, पण त्यानं वर चढता येतं, तळमजला रुंद होत नाही.

घोटाळा होतो तो मध्यरेषेतच. समोरच्यानं कुंपण दोन-तीन फूट रस्त्यात आणलेलं असेल, तर डांबर आपल्या बाजूला सरकतं आणि डांबराचा मध्य म्हणजे रस्त्याचा मध्य राहत नाही. टेप डांबराच्या कडेला लावून आकडा सांगणाऱ्याला एवढंच विचारावं, 'साहेब, मध्यरेषा कुठून घेतली?' मंजूर लेआउट आणि भूमी अभिलेख खात्यानं मोजणीत कायम केलेल्या हद्दीच्या खुणा, यांचा दाखला त्यानं दिला पाहिजे. खुणाच सापडत नसतील, तर आधी मोजणीचा अर्ज करा, असं सांगून परत जाणारा आर्किटेक्ट प्रामाणिक समजावा.

जमिनीच्या पोटात काय आहे, हे मात्र अर्ध्या तासात कळत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा दिसल्या, तर ती पावसात फुगणार, एवढा अंदाज येतो. पाया किती खोल न्यायचा, ते खड्डा घेऊन, मुरूम किती खाली लागतो ते पाहून आणि मातीची तपासणी करूनच ठरतं. त्याचे पैसे वेगळे पडतात.