बातमी छापण्याआधी तिला गुण कसे द्यावेत?



बातमीलेखनाचा घटक शिकवताना आपण सहसा शीर्षक, स्थळ-दिनांक, शुद्धलेखन आणि मांडणी यांना गुण देतो. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण तीच बातमी शाळेच्या भित्तिपत्रिकेवर लागणार असेल, तर ती गाव वाचतं. मग फक्त सुवाच्य आणि शुद्ध असून भागत नाही. म्हणून भिंतीवर लावण्याआधी मसुद्याला चार बाजूंनी तपासायचं: अचूकता, आधार, निःपक्षपातीपणा आणि स्पष्टता. प्रत्येक निकषाला ० ते ३ गुण.

उदाहरण म्हणून हा मसुदा घ्या. सहावी-सातवीच्या सरावासाठी तो मुद्दाम तयार केला आहे.

दूषित पाण्यामुळे ४० मुले आजारी
*गावातील पाण्याची टाकी साफ न केल्यामुळे गेल्या आठवड्यापासून ४० मुले आजारी पडली आहेत. पाणी सोडणारा कर्मचारी नेहमीप्रमाणे निष्काळजीपणा करत आहे. गावकऱ्यांमध्ये संताप व्यक्त होत आहे. कारवाईची मागणी होत आहे.*

वाचायला झकास वाटतं ना? अगदी पेपरातल्यासारखं! खरी अडचण तिथेच आहे. भाषा सफाईदार असली की वाचणाऱ्याला मजकूरही खरा वाटू लागतो. म्हणून स्पष्टतेचे गुण सगळ्यात शेवटी द्यायचे. आधी मुलांच्या हातात पेन्सिल द्या आणि ज्या ज्या गोष्टी घडल्या असं बातमी म्हणते, त्या प्रत्येकीखाली रेघ मारायला सांगा. समासात एकच प्रश्न लिहायचा: "हे कशावरून?"

अचूकता. पहिली रेघ '४० मुले' याखाली. हा आकडा आला कुठून? सरावासाठी मसुद्यासोबत हजेरीची नोंद द्यावी. समजा, पाचवी ते सातवीत सोमवारी १६, मंगळवारी १४ आणि बुधवारी १० मुलं गैरहजर होती. बेरीज ४०. पण जो मुलगा तिन्ही दिवस आला नाही, तो या बेरजेत तीनदा मोजला गेला. हजेरीपटावर नावं पाहिली तर वेगवेगळी मुलं १९ निघतात. त्यांतली सगळी आजारी होती का? पालकांना विचारल्यावर ११ जणांना पोटदुखी आणि जुलाब झाल्याचं कळतं, बाकीची लग्नाला किंवा शेतावर गेलेली. म्हणजे ४० चे ११ झाले.

दुसरी रेघ शीर्षकातल्या 'पाण्यामुळे' याखाली. 'मुळे' हा छोटासा शब्द फार मोठा दावा करतो. टाकी धुतलेली नाही आणि मुलं आजारी आहेत, या दोन गोष्टी खऱ्या असल्या तरी एकीमुळे दुसरी झाली हे पाण्याची तपासणी झाल्याशिवाय म्हणता येत नाही. सगळी मुलं एकाच पंगतीत जेवलेली असू शकतात. मुलं गैरहजर होती एवढं खरं, म्हणून अचूकतेला १ गुण.

आधार. आता क्रियापदं बघा. 'संताप व्यक्त होत आहे', 'मागणी होत आहे'. कोण संतापलं? मागणी कोणी केली, कोणाकडे? आपल्या मराठीत कर्ता गाळून वाक्य सहज पूर्ण होतं: 'समजते', 'बोलले जाते', 'चर्चा आहे', 'सांगण्यात येते'. व्याकरणात चूक नाही, पण बातमीत ही वाक्यं माहिती देणाऱ्याला लपवतात. मुलांना सोपा नियम द्या: असं क्रियापद दिसलं की त्याच्याआधी माणूस किंवा कागद उभा करायचा. 'पालकांनी सांगितले', 'हजेरीपटानुसार', 'टाकीवर लिहिलेल्या तारखेप्रमाणे'. उभा करता आला नाही, तर वाक्य खोडायचं. आपल्या मसुद्यात एकाही विधानाला आधार नाही. गुण ०.

निःपक्षपातीपणा. 'नेहमीप्रमाणे निष्काळजीपणा' हे मत आहे, माहिती नाही. कर्मचाऱ्याचं नाव छापलेलं नाही म्हणून चालेल, असं मुलं हमखास म्हणतात. पण गावात पाणी सोडणारा माणूस एकच असतो! सगळ्यांना कळतं की बोट कोणाकडे आहे. त्याची पोरंही कदाचित याच शाळेत असतील. भारतीय प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या आचारनियमांतही हेच आहे: एखाद्यावर ठपका येत असेल, तर छापण्याआधी त्याची बाजू विचारावी. इथे विचारलेली नाही. गुण ०.

मात्र निःपक्षपाती म्हणजे गुळमुळीत नव्हे. पाणी दूषित असल्याचा अहवाल हातात आला, तर ते ठळकपणेच छापायचं. अर्थात आजारी मुलांची नावं द्यायची नाहीत.

स्पष्टता. वाक्यं छोटी आहेत, पण 'गेल्या आठवड्यापासून' नेमकं कशाला लागू? टाकी आठवडाभर धुतली नाही, की मुलं आठवडाभर आजारी आहेत? दोन्ही अर्थ निघतात. गुण २.

आता एक महत्त्वाची गोष्ट: या गुणांची बेरीज करायची नाही. समजा, दुसऱ्या एखाद्या मसुद्याला तीन निकषांत ३-३ मिळाले आणि आधाराला ०. बेरीज १२ पैकी ९, म्हणजे ७५ टक्के, प्रथम श्रेणी! तरी ती बातमी लावता येणार नाही, कारण चांगली भाषा आधाराची उणीव भरून काढत नाही. नियम असा ठेवा: चारही निकषांत किमान २ असतील तरच भिंतीवर. नाहीतर गुणांसोबत रेघ मारलेलं वाक्य दाखवून मसुदा परत. दोन मुलांच्या गुणांत फरक पडला, तर दोघांनी त्या वाक्यावर बोट ठेवून कारण सांगायचं.

वरचाच मसुदा विचारपूस करून सुधारला की असा होतो:

पाचवी ते सातवीतील ११ मुलांना पोटदुखी व जुलाब
*सोमवार ते बुधवार या तीन दिवसांत पाचवी ते सातवीची १९ मुले गैरहजर होती, असे हजेरीपटावरून दिसते. त्यांपैकी ११ मुलांना पोटदुखी व जुलाबाचा त्रास झाल्याचे त्यांच्या पालकांनी सांगितले. गावाच्या टाकीवर स्वच्छतेची तारीख तीन महिन्यांपूर्वीची आहे. "मी पाण्यात रोज टीसीएल पावडर टाकतो. टाकी धुवायला पाणीपुरवठा बंद ठेवावा लागतो, त्याची तारीख ग्रामपंचायतीने अजून दिलेली नाही," असे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांनी सांगितले. आरोग्य उपकेंद्राने पाण्याचा नमुना तपासणीसाठी पाठवला आहे. अहवाल आलेला नसल्याने आजाराचे कारण निश्चित झालेले नाही.*

पाहा, आरोप गेला, पण बातमी कमजोर झाली नाही. उलट टाकी का धुतली गेली नाही, हा खरा प्रश्न आता योग्य दारात, म्हणजे ग्रामपंचायतीकडे गेला. तिची बाजू विचारणं बाकी आहे, म्हणून निःपक्षपातीपणाला मी ३ नाही, २ देईन. बाकी तिन्हींत ३. बातमी लावता येईल.

या गुणांची एक मर्यादाही लक्षात ठेवा. माहिती देणाराच खोटं बोलला, तर कागदावरचा मसुदा ते सांगू शकत नाही. म्हणून मोठ्या दाव्याला एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार मागा. जसं इथे गैरहजेरी हजेरीपटाने सांगितली आणि आजार पालकांनी. आणि पाण्याचा अहवाल आला की, तो काहीही असो, त्याची बातमी त्याच भिंतीवर, त्याच जागी लावा.

पालकहो, घरी हेच व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुरावर करून बघा. 'समजते' आणि 'बोलले जाते' याखाली मुलांना रेघ मारायला सांगा, मग किती वाक्यं उरतात ते मोजा.