पट्टा फुगतो एकीकडे, अडतं दुसरीकडे

आमच्या टीमच्या भिंतीवर एक रंगीत आलेख लावलेला असायचा. विम्याच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारी ही छोटी टीम. पाच प्रोग्रॅमर, दोन टेस्टर. आलेखात डावीकडून उजवीकडे चढत जाणारे तीन पट्टे होते. तळाशी हिरवा, म्हणजे पूर्ण झालेली कामं. त्यावर पिवळा, टेस्टिंगमधली कामं. सगळ्यात वर निळा, कोडिंगमधली. सहा आठवड्यांत हा निळा पट्टा तिप्पट रुंद झाला आणि बैठकीत सगळ्यांच्या नजरा प्रोग्रॅमरांकडे वळल्या. कोडिंग हळू चाललंय, अजून दोन माणसं घ्या, असं जवळपास ठरलंच होतं. मीही मान डोलावली होती. ती चूक कुठे होती ते समजायला आधी हा आलेख नीट वाचायला हवा.

कानबान पद्धतीत प्रत्येक काम एका कार्डावर लिहितात. कार्ड फळ्यावरच्या एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकत जातं. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी घडवलेल्या पद्धतीतून हे आलं. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा एक सुरुवातीचा प्रयोग डेव्हिड अँडरसन यांनी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ज्या टीमबरोबर केला, ती हैदराबादची होती. तिथेही वरवर माणसं कमी वाटत होती, पण वेळ खात होतं ते प्रत्येक मागणीला किती दिवस लागतील याचा अंदाज बांधण्याचं काम.

फळा आजची स्थिती दाखवतो, तर आमच्या भिंतीवरचा आलेख, म्हणजे क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्रॅम, रोजची स्थिती एकापुढे एक मांडतो. त्यातली मोजणी समजायला पिठाची गिरणी पुरे. सकाळपासून किती डबे आले याची एक रेघ काढा आणि किती डबे दळून गेले याची दुसरी. दोन्ही रेघा चढत जातील, कारण आलेला डबा ‘न आलेला’ होत नाही. कुठल्याही क्षणी दोन रेघांमधलं उभं अंतर म्हणजे गिरणीत पडून असलेले डबे. आडवं अंतर त्याहून कामाचं. चाळिसावा डबा आला कधी आणि चाळिसावा डबा गेला कधी, हे त्याच उंचीवर आडवी पट्टी धरून मोजलं की डब्याला किती वेळ थांबावं लागलं ते कळतं. डबे आले त्याच क्रमाने दळले गेले तर हे अंतर अचूक, क्रम थोडा मागेपुढे झाला तर सरासरीपुरतं खरं.

दिवाळीआधी भाजणीचे डबे येऊ लागले की येणारी रेघ ताठ होते. गिरणीचा वेग तोच, म्हणून जाणारी रेघ तशीच राहते. मधला पट्टा फुगतो. पट्टा रुंदावतो याचा एवढाच अर्थ: वरच्या रेघेचा चढ खालच्या रेघेपेक्षा जास्त आहे. तिथे कोण सुस्त आहे हे पट्टा सांगत नाही.

आता आमचे आकडे. आलेखात ‘कोडिंगमध्ये शिरलेली’, ‘टेस्टिंगमध्ये शिरलेली’ आणि ‘पूर्ण’ अशा तीन रेघा होत्या. सुरुवातीला त्या ४०, ३४ आणि ३० वर होत्या. म्हणजे कोडिंगमध्ये ६ कार्डं, टेस्टिंगमध्ये ४, हातात एकूण १०. तोवर आठवड्याला पाच कार्डं आत येत, पाच बाहेर पडत. मग दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. सहावा प्रोग्रॅमर आला, त्यामुळे आठवड्याला सहा कार्डं सुरू होऊ लागली. आणि बाहेर मात्र चारच पडू लागली. सहा आठवड्यांनी रेघा ७६, ५८ आणि ५४ वर पोहोचल्या. कोडिंगमध्ये १८ कार्डं. टेस्टिंगमध्ये, पहिल्या दिवशी होती तेवढीच, ४.

हा ४ चा आकडा आम्हाला निरोगी वाटला. पिवळा पट्टा सडपातळ, एकसारखा, सहा आठवडे जराही हलला नाही. पण तो हलत नव्हता कारण आम्हीच तिथे मर्यादा घातली होती: टेस्टिंगच्या रकान्यात एका वेळी चारपेक्षा जास्त कार्डं नकोत. चारातलं एक सुटल्याशिवाय पाचवं आत घ्यायचं नाही. म्हणजे निळ्या पट्ट्याची खालची कडा, ‘टेस्टिंगमध्ये शिरलेली’ ही रेघ, प्रोग्रॅमरांच्या हातात नव्हतीच. ती टेस्टिंग जेवढं ओढून घेईल तेवढीच चढत होती. कोड लिहून झालेलं कार्ड जागा नसल्यामुळे कोडिंगच्याच रकान्यात बसून राहत होतं.

कुठलाही पट्टा फुगलेला दिसला की मी आता आधी त्याच्या खालच्या कडेकडे बघतो आणि विचारतो, ही रेघ कोणाच्या ओढण्याने चढते? उत्तर बहुतेक वेळा खालच्या पट्ट्यात सापडतं. रांग गिरणीच्या दारात लागते, गिरणीच्या पलीकडे नाही. अडलेली जागा स्वतः भरलेली आणि स्थिर दिसते, फुगवटा तिच्या अलीकडे येतो.

हे पडताळून पाहायला आम्ही कोडिंगचा रकाना दोन भागांत तोडला, ‘चालू’ आणि ‘लिहून झालं’. अठरा कार्डं समोर ठेवली आणि प्रत्येकाला विचारलं, यातल्या कशावर आज तुझा हात आहे? सहा कार्डं ‘चालू’मध्ये राहिली. बारा कार्डं ‘लिहून झालं’मध्ये गेली. निळा पट्टा आलेखात दोन छटांत विभागला गेला तेव्हा गडद निळा, म्हणजे खरं कोडिंग, मुळीच रुंदावला नव्हता. फुगली होती ती फिकट निळी रांग. बैठकीत ठरलेली दोन माणसं घेतली असती तर फक्त ही रांग आणखी वेगाने वाढली असती.

मग दोष टेस्टरांवर जायला वेळ लागला नाही. इथे थांबलो असतो तर दुसरी चूक झाली असती. एका रकान्यात काम आणि वाट बघणं एकत्र भरलं की आलेखाला दोन्हीचा रंग एकच दिसतो. कोडिंगमध्ये जे झालं ते टेस्टिंगमध्येही होत असू शकतं. म्हणून, बाहेर पडतील तेवढीच नवी कार्डं आत घेत, आम्ही दोन आठवडे एक साधी नोंद ठेवली. रोज संध्याकाळी टेस्टिंगमधल्या प्रत्येक कार्डावर, त्या दिवशी त्याच्यावर कोणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर एक लाल टिकली लावायची. दहा दिवस, चार कार्डं, म्हणजे चाळीस जागा. टिकल्या भरल्या तेरा. उरलेल्या सत्तावीस वेळा कार्ड टेस्टिंगमध्ये होतं आणि त्याला कोणी हातही लावला नव्हता.

टेस्टर मुलींना विचारलं तर त्या चकितच झाल्या, कारण रोज सकाळच्या उभ्या बैठकीत त्या हेच सांगत होत्या. “सर्व्हर आज दुसऱ्या टीमकडे आहे, गुरुवारी मिळेल.” चाचणीचा सर्व्हर पूर्वी आमचा एकट्याचा होता. त्या सहा आठवड्यांच्या सुरुवातीलाच तो दुसऱ्या टीमबरोबर वाटून घ्यायचं ठरलं होतं. तो परत मिळायचा तेव्हा त्यावर त्यांचा डेटा भरलेला असायचा. आमच्या पॉलिसींचा नमुना डेटा पुन्हा चढवण्यात अर्धा दिवस जायचा. अडथळा ना प्रोग्रॅमर होते, ना टेस्टर. ते एक यंत्र होतं, आणि आमच्या फळ्यावर त्याच्या नावाचा रकानाच नव्हता. ज्याला रकाना नाही त्याला आलेखात पट्टा नाही. या आलेखाची ही खरी मर्यादा आहे. तो जागेचा अंदाज देतो, कारण माणसांना विचारूनच कळतं.

उशिराची बातमी पट्टा किती आधी देतो, तेही याच आकड्यांत दिसतं. सहाव्या आठवड्याच्या शेवटी चोपन्नावं कार्ड पूर्ण झालं. आडवी पट्टी धरली तर ते सुमारे पावणेचार आठवड्यांपूर्वी आत आलेलं, म्हणजे त्याला अठरा कामाचे दिवस लागले. सुरुवातीच्या दहा दिवसांच्या मानाने वाईट, पण अहवालात खपून जाईल असं. त्याच दिवशी आत आलेल्या शहात्तराव्या कार्डाचं काय? हातातली बावीस कार्डं, आठवड्याला चार सुटतात, म्हणजे साडेपाच आठवडे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम हाच आहे: आतल्या कामांची सरासरी संख्या भागिले बाहेर पडण्याचा सरासरी वेग, म्हणजे आत राहण्याचा सरासरी वेळ. पूर्ण झालेल्या कामांची सरासरी जुन्या दिवसांबद्दल बोलते. रुंदी आज दारात उभ्या असलेल्या कामाबद्दल बोलते. मात्र हा नियम स्थिर प्रवाहासाठी आहे. येणं आणि जाणं इतकं वेगळं असताना साडेपाच आठवड्यांचा आकडा ‘वेग चारच राहिला तर’ या अटीवरच घ्यायचा.

आणखी एक खबरदारी सांगायला हवी. आलेखातली एखादी रेघ खाली वळलेली दिसली तर रुंदीवर विश्वास ठेवू नका. टेस्टिंगमध्ये नापास झालेलं कार्ड उचलून परत कोडिंगमध्ये ठेवलं की असं होतं. आम्ही कार्ड जागेवरच ठेवून त्यावर दोषाची खूण करू लागलो, तेव्हा रेघा सरळ झाल्या.

उपाय साधा होता, पण पचायला जड गेला. ‘चालू’ आणि ‘लिहून झालं’ मिळून आठ कार्डांची मर्यादा घातली. रांग तेवढी खाली यावी म्हणून आधी आठवड्याला दोनच नवी कार्डं सुरू करायची. रिकाम्या हाताने बसणं प्रोग्रॅमरांना अपराधासारखं वाटत होतं. त्यातल्या दोघांनी डेटा चढवण्याची स्क्रिप्ट लिहिली, अर्ध्या दिवसाचं काम वीस मिनिटांवर आलं. दोन आठवड्यांत आम्हाला एक वेगळा लहान सर्व्हर मिळाला. तोवर बावीसची अठरा झाली होती. त्यानंतर बाहेर पडण्याचा वेग आठवड्याला सहावर गेला, आत चार येऊ दिली आणि पुढच्या चार आठवड्यांत हातातली कार्डं पुन्हा दहावर आली. टेस्टर दोनच होत्या, त्याच.

फिकट निळा पट्टा आता धाग्याएवढा उरला होता. पण हिरव्याची वरची कडा, जी आधी तिरकी चढायची, ती पायऱ्यांसारखी दिसू लागली: दोन आठवडे सपाट, मग एकदम बारा कार्डांची उडी. तपासून झालेली कार्डं, चारच्या मर्यादेत न धरता, टेस्टिंगच्याच रकान्यात थांबून ग्राहकाकडे दर दुसऱ्या शुक्रवारीच जात होती, आणि त्या महिन्यापासून आम्ही ‘पूर्ण’ची नोंद ग्राहकाच्या हातात पडल्यावर करायला लागलो होतो. पिवळ्या पट्ट्याचाही एक तुकडा तोडून ‘पाठवायला तयार’ असा नवा रकाना आम्ही पुढच्याच सोमवारी आखला.