नावं लिहिलेल्या फोटोचा कोरा मूळ फोटो

लग्नातल्या ग्रुप फोटोवर आजीला विचारून एकेकाचं नाव लिहिलं, बाण काढले. वर्षभरानं तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावायचं ठरलं, तर स्टुडिओवाला म्हणतो, ‘नावं नसलेला फोटो आणा.’ अशा वेळी बहुतेक जण डाग पुसणारं एखादं अ‍ॅप उतरवून घेतात. ते अ‍ॅप अक्षरांखाली काय होतं हे शोधत नाही, आजूबाजूचं बघून जागा अंदाजानं भरतं. मागची भिंत त्यात खपून जाते, पण आत्याच्या गालावरून गेलेला बाण पुसला की जो गाल उरतो तो आत्याचा नसतो. म्हणून पुसायला घेण्याआधी मूळ फोटो अजून कुठे आहे का, हे बघावं. बऱ्याचदा तो त्याच फोनमध्ये असतो.

आयफोनच्या Photos अ‍ॅपमध्ये Edit दाबून Markup नं लिहिलं, की मूळ फोटोला फोन हात लावत नाही. मूळ फाइल तशीच राहते, केलेले बदल वेगळे नोंदले जातात आणि दाखवण्यासाठी लिहिलेली एक नवी प्रत तयार होते. आपल्याला मात्र एकच फोटो दिसतो. तो उघडून पुन्हा Edit मध्ये गेलं की Revert हा पर्याय दिसतो. तो दाबल्यावर मूळ फोटो परत येतो, मग लिहून वर्ष झालेलं असलं तरी.

इथे एक गोम आहे. Revert केवळ नावं काढत नाही, त्या फोटोवर केलेलं सगळंच काढतं. कडा कापल्या असतील, उजेड वाढवला असेल, तर तेही जातं. आजीनं सांगितलेली नावंही जातात आणि ती पुन्हा विचारायला आजी दरवेळी असतेच असं नाही. म्हणून आधी Duplicate वापरून दुसरी प्रत करावी आणि Revert त्या प्रतीवर करावं.

आयफोन केबलनं विंडोज संगणकाला जोडला, तर ही जोडी उघड्या डोळ्यांनी दिसते. IMG_1234 हा मूळ फोटो, IMG_E1234 ही बदल केलेली प्रत, आणि सोबत AAE नावानं संपणारी एक छोटी फाइल, जिच्यात बदलांची नोंद असते. ही छोटी फाइल उघडत नाही म्हणून लोक वैतागतात, पण तिच्यात चित्र नसतंच. स्टुडिओला E नसलेली फाइल द्यायची.

अँड्रॉइडवर थोडं वेगळं आहे. गूगल फोटोजमध्ये बदल प्रत म्हणून जतन केले असतील, तर मूळ फोटो तिथेच जवळपास सापडतो. सॅमसंगच्या गॅलरीतही Edit मध्ये Revert मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना रेघोट्या मारल्या असतील, तर त्या फक्त पाठवलेल्या प्रतीवर असतात. गॅलरीतला फोटो कोराच असतो.

आपल्याकडे मात्र तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल, तर Revert दिसणार नाही. पाठवताना अक्षरं आणि चित्र एकाच थरात मिसळतात. पेनाच्या जाड रेघेखालचे ठिपके त्या फाइलमध्ये उरलेलेच नसतात. ज्यानं नावं लिहिली त्याला फोन करून मूळ फोटो मागणं, हाच खरा उपाय.

हेच ज्ञान उलट्या बाजूनंही वापरता येतं. आधार कार्डाचा नंबर हायलायटरनं काळा केला, तर तो थर अर्धपारदर्शक असतो. उजेड वाढवला की आकडे वर येऊ शकतात. आयफोनवरून एअरड्रॉप करताना All Photos Data चालू असेल, तर समोरच्याला Revert सकट फोटो मिळतो. २०२३ मध्ये तर गूगलच्या पिक्सल फोनमधल्या Markup मध्येच एक दोष उघड झाला. कापलेला स्क्रीनशॉट जुन्या फाइलवरच लिहिला जाई, पण नवी फाइल लहान असली तरी जुनीचं शेपूट कापलं जात नसे. त्या शेपटातून कापलेला भाग काही प्रमाणात परत मिळवता येत होता. सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी हे दाखवून दिलं आणि त्याला ‘अ‍ॅक्रोपॅलिप्स’ हे नाव पडलं. मार्च २०२३ च्या अपडेटनं दोष दुरुस्त झाला, पण आधी पाठवलेल्या प्रती जशा होत्या तशाच राहिल्या.

म्हणून लपवायचं असेल तेव्हा हायलायटर नको. भरीव चौकोनानं आकडे झाका, त्या झाकलेल्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच पाठवा.